अक्षरांना बाहेरून स्ट्रोक दिला की टोकांना काटे येतात आणि ब, व ची पोकळी बुजते

कोरीकागद

नमस्कार. एका पोस्टरचं शीर्षक करते आहे, शब्द आहे ‘शब्दोत्सव’. बोरूच्या वळणाचा फॉन्ट, आकार १२० पॉइंट. मागे फोटो आहे, त्यामुळे गडद तांबड्या अक्षरांभोवती पांढरी किनार हवी आहे, ६ पॉइंटची. इलस्ट्रेटर वापरते.

आधी टेक्स्ट तसंच ठेवून स्ट्रोक दिला. किनार अर्धी अक्षरावरच चढली आणि अक्षरं बारीक दिसायला लागली. शिवाय शिरोरेखेवर जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे पांढऱ्या उभ्या रेघा आल्या. Align Stroke ची बटणं टेक्स्टवर बंदच असतात, म्हणून Create Outlines केलं, सगळं Unite केलं आणि Align Stroke to Outside निवडलं. रेघा गेल्या, अक्षराची जाडी परत आली. पण आता दोन नवीन गोष्टी झाल्या आहेत.

एक, श च्या शेपटीला आणि ‘दो’ वरच्या मात्रेच्या टोकाला लांबलचक पांढरे काटे आले आहेत. मात्रेचा काटा तर वरच्या ओळीतल्या मजकुरात घुसतो आहे. दोन, ब च्या पोटातली तिरकी रेघ दिसेनाशी झाली आहे, तिथे सगळं पांढरं. व मध्ये जेमतेम एक फट उरली आहे.

किनार ३ पॉइंट केली तर दोन्ही त्रास कमी होतात, पण मग फोटोवर शीर्षक उठत नाही. काय करावं?

भटक्या_पान

रिझोल्यूशन किती ठेवलं आहे? कडा अशा दातेरी येतात तेव्हा बहुतेक वेळा डॉक्युमेंट ७२ वर असतं. ३०० करून बघा, आणि एक्सपोर्ट करताना अँटी-एलियसिंग चालू ठेवा.

कोरीकागद

@भटक्या_पान, कडा दातेरी नाहीत हो, अगदी स्वच्छ आहेत. कितीही झूम केलं तरी काटा तसाच टोकदार राहतो. व्हेक्टरच आहे सगळं.

निळीशाई

हा मायटरचा प्रश्न आहे. स्ट्रोकच्या सेटिंगमध्ये Miter Limit असतं, ते वाढवा. मी सरळ ४५ करून टाकतो, काटे लगेच जातात. नेहमीचा उपाय आहे.

कोरीकागद

@निळीशाई, केलं. १० होतं ते ४५ केलं. आधीचे काटे आहेत तसेच आहेत आणि त्स मधल्या अर्ध्या त च्या टोकाला आणखी एक नवीन काटा आला, आधीच्यापेक्षा लांब.

बोरूपेटी

निळीशाई कोरलड्रॉवर काम करत असणार. तिथे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. गोंधळ असा आहे की दोन्हीकडे नाव एकच, Miter limit, पण आकडा वेगळ्याच गोष्टीचा.

कोरलमध्ये तो आकडा अंशांमध्ये असतो. ‘इतक्या अंशांपेक्षा अरुंद कोपरा आला तर टोक छाटून टाक’ असा त्याचा अर्थ. तिथे मुळात ५ अंश असतं, म्हणजे जवळपास काहीच छाटलं जात नाही. ४५ केलं की ४५ अंशांखालची सगळी टोकं छाटली जातात.

इलस्ट्रेटरमध्ये, इंकस्केपमध्ये, एसव्हीजी आणि पीडीएफमध्येही तो आकडा ‘पट’ असतो. कोपऱ्यावर स्ट्रोकच्या दोन्ही कडा पुढे वाढवत नेल्या की त्या एका बिंदूत मिळतात. आतल्या कोपऱ्यापासून त्या बिंदूपर्यंतचं अंतर स्ट्रोकच्या जाडीच्या किती पट चालेल, ते इथे सांगायचं असतं. म्हणून इथे आकडा वाढवला की सवलत वाढते आणि कमी केला की छाटणी वाढते, कोरलच्या बरोबर उलट.

सूत्र एवढंच:

```
पट = 1 / sin(कोन / 2)
```

तुमच्या मात्रेचं टोक साधारण २० अंशांचं असेल असं धरतो, बोरूच्या वळणात तेवढं असतंच. २० चे निम्मे १०, त्याचं साइन ०.१७३६, म्हणजे ५.७६ पट. इलस्ट्रेटरची मर्यादा १०, ती ओलांडली गेली नाही, म्हणून टोक पूर्ण निघालं. बाहेरचा ६ पॉइंटचा स्ट्रोक म्हणजे आतून १२ पॉइंटचाच मध्यावरचा स्ट्रोक असतो, त्याचा अक्षरावर पडणारा अर्धा भाग कापलेला. त्यामुळे टोकापासून पुढे ६ गुणिले ५.७६, जवळजवळ ३५ पॉइंट. बाकी सगळीकडे किनार ६ ची आणि या एका ठिकाणी ३५ ची. वरच्या ओळीत घुसणारच.

तुमच्या नवीन काट्याचंही हेच. ते टोक साडेअकरा अंशांच्याही आतलं असणार. ८ अंशांना सव्वाचौदा पट होतात. मर्यादा १० असताना ते छाटलं जात होतं, ४५ केल्यावर मोकळं सुटलं.

मर्यादा ४ केली तर २९ अंशांखालचं सगळं छाटलं जाईल. २ केली तर ६० अंशांखालचं. फिग्मामध्ये हीच गोष्ट अंशांत लिहिलेली असते आणि तिथे २८.९६ दिसतं, तो आकडा या ४ मधूनच आला आहे.

निळीशाई

बरोबर, मी कोरलवरच आहे. इलस्ट्रेटरमध्ये उलट चालतं हे माहीत नव्हतं. म्हणजे कोरीकागद, तुम्ही ४ करा, झालं काम.

कोरीकागद

४ केलं. काटे गेले! पण आता मात्रेचं टोक उघडं पडल्यासारखं दिसतंय. तिथे पांढरी किनार जवळजवळ नाहीच. तांबडं टोक थेट फोटोला टेकल्यासारखं वाटतं.

बोरूपेटी

हो, तसंच होणार. ४ करून प्रश्न संपत नाही. मर्यादा ओलांडली की प्रोग्रॅम टोक थोडं आखूड करत नाही. तो पूर्ण मायटर सोडून थेट बेव्हलवर येतो. बेव्हलमध्ये अक्षराच्या टोकापुढे किती किनार उरते ते बघा: ६ गुणिले ०.१७३६, म्हणजे १ पॉइंट. सगळीकडे ६, मायटरला ३५ आणि छाटल्यावर १. मधलं काही नाहीच.

यातून अजून एक खोड निघते, ती लांबच्या शब्दात जास्त दिसते. एका अक्षराचं टोक २८ अंशांचं आणि शेजारच्याचं ३०. मर्यादा ४ असेल तर पहिलं बोथट होतं आणि दुसरं लांब टोकदार राहतं. बघणाऱ्याला कारण कळत नाही, फक्त शब्द विस्कटलेला दिसतो. म्हणून मर्यादेचा आकडा खालीवर करत बसण्यात अर्थ नाही.

गोल जोड घ्या, Round Join. त्यात टोक कितीही अरुंद असलं तरी पुढे बरोबर ६ पॉइंट किनार मिळते, ना कमी ना जास्त.

शिरोरेखा

गोल जोडाला माझा ठाम विरोध आहे. शिरोरेखेची दोन्ही टोकं, उभ्या दांड्यांचे पाय, सगळे काटकोन गोल होतात. बोरूच्या अक्षराचा कापच मुळात धारदार असतो, तो घालवून त्याभोवती गुळगुळीत किनार लावली की अक्षर आणि किनार दोन वेगळ्या हातांची वाटतात. ६ पॉइंटला कोपऱ्याची त्रिज्याही ६ येते. १२० पॉइंटच्या अक्षरात ती स्पष्ट दिसते.

बोरूपेटी

@शिरोरेखा, मान्य आहे, मलाही काटकोन गोल झालेले आवडत नाहीत. काटकोनाला मायटर फक्त १.४१ पट असतो, तिथे त्रास काहीच नसतो. अडचण फक्त अरुंद टोकांची आहे. मग उपाय त्या टोकांवरच करावा. मी जे करतो ते सांगतो.

किनारीसाठी अक्षरांची एक प्रत मागे ठेवायची आणि मूळ अक्षर वर अखंड ठेवायचं. मागच्या प्रतीत फक्त अरुंद टोकं बोथट करायची. टोकाच्या जवळ दोन्ही कडांवर एकेक बिंदू टाकायचा आणि टोकाचा बिंदू उडवायचा, म्हणजे तिथे एक छोटी आडवी कड तयार होते. २० अंशांच्या एका कोपऱ्याऐवजी आता १०० अंशांचे दोन कोपरे झाले. १०० अंशांना पट होतात १.३, म्हणजे मायटर ठेवूनही कोपरा आठएक पॉइंटच्या पुढे जात नाही.

ती कड किती रुंद ठेवायची हे महत्त्वाचं. २ पॉइंट रुंद केली तर टोक पावणेसहा पॉइंट मागे सरकतं आणि वरच्या मूळ अक्षराचं टोक किनारीच्या कडेला येऊन टेकतं. अर्धा पॉइंट पुरते. टोक साधारण दीड पॉइंट मागे जातं आणि पुढे साडेचार पॉइंट किनार शिल्लक राहते. डोळ्याला ती बाकीच्या ६ च्या जोडीची वाटते.

शब्दात अशी टोकं चार-पाचच असतात. वेळ लागत नाही.

शिरोरेखा

हे पटलं. हातानेच करायला हवं असं काम आहे हे.

कटर_टेबल

माझा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे. मी व्हिनाइल कापतो. गिऱ्हाईक अशी स्ट्रोक दिलेली फाइल पाठवतात आणि मशीनला स्ट्रोक कळतच नाही, ते फक्त पाथ बघतं. पांढऱ्या किनारीचा थर वेगळा कापायचा असेल तर ती किनार पाथ म्हणूनच यायला हवी. आणि तुमच्या पहिल्या फाइलसारख्या शिरोरेखेवर जोडाच्या रेघा असतील तर चाकू त्या रेघांवरूनही जातो आणि शब्दाचे तुकडे पडतात. काटे राहिले तर ते सोलताना निघून येतात किंवा काही दिवसांनी कडेने उचलतात. त्यामुळे छपाईत चालून जाणारा काटा माझ्याकडे चालत नाही.

कोरीकागद

@कटर_टेबल, माझं तरी छापायचंच आहे, पण माहिती ठेवते. @बोरूपेटी, टोकं बोथट करून बघते. पण ब आणि व चं काय? तो त्रास जोड बदलून जात नाही.

निळीशाई

पोकळीसाठी Inside निवडा ना. आतल्या बाजूने स्ट्रोक घेतला की पोकळीला धक्का लागत नाही.

बोरूपेटी

पोकळीला लागत नाही हे खरं, पण दांडीला लागतो. Inside म्हणजे किनार अक्षराच्या शाईवर चढते. या फॉन्टची बारीक जागा १० पॉइंटची असेल तर दोन्हीकडून ६-६ चढून ती पूर्ण पांढरी होईल. पोकळी राहील आणि अक्षर जाईल.

‘बाहेर’ म्हणजे काय हे इथे नीट बघायला हवं. आपल्या मनात बाहेर म्हणजे अक्षराच्या भोवती. प्रोग्रॅमच्या लेखी बाहेर म्हणजे जिथे शाई नाही ती प्रत्येक जागा. व ची पोकळीही त्याला बाहेरच. म्हणून किनार पोकळीच्या आतही सगळ्या बाजूंनी ६ पॉइंट चढते. कोरीकागद, तुमच्या व ची पोकळी किती रुंद आहे ते मोजा बघू.

कोरीकागद

मोजली. व ची सर्वात रुंद जागी १४ पॉइंट. ब मध्ये तिरक्या रेघेने दोन भाग झाले आहेत, त्यातला मोठा ५ च्या आसपास.

बोरूपेटी

मग हिशोब जुळला. १४ मधून १२ गेले, २ ची फट उरली. ब च्या ५ च्या भागात दोन्हीकडून ६-६ मावणं शक्यच नाही, तो बुजला. पोकळी किनारीच्या दुपटीपेक्षा अरुंद असेल तर ती बुजणारच, तिथे कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही. ब, ष, ध, भ ची गाठ, थ ची गाठ, ही पहिली बळी जातात. मोठ्या आकारात व, क वाचतात.

उपाय हा की बाहेरच्या कडेला आणि आतल्या पोकळ्यांना एकच किनार द्यायचीच नाही. बाहेर ६ आणि आत शून्य, किंवा आत १. स्ट्रोकने हे होत नाही, कारण एका कंपाउंड पाथला जाडी एकच. आकारच बनवावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये असं करा.

पहिल्यांदा जिवंत टेक्स्टची एक प्रत एका लपवलेल्या लेयरवर ठेवून द्या, नंतर शुद्धलेखनाची चूक सापडली तर लागेल. मग Create Outlines आणि Unite केलेल्या अक्षरांचा स्ट्रोक None करा, त्यांची प्रत Ctrl+C, Ctrl+B ने बरोबर मागे चिकटवा आणि वरची मूळ अक्षरं लॉक करा. मागच्या प्रतीवर Object > Compound Path > Release करा. या क्षणी सगळ्या पोकळ्या भरलेल्या दिसतील. घाबरू नका, पोकळ्या सुट्या होऊन अक्षराच्याच रंगाचे वेगळे आकार झाले आहेत. फक्त ते पोकळ्यांचे आकार निवडून Ctrl+X ने कापून ठेवा. आता राहिली ती पोटं भरलेली बाहेरची कड. अरुंद टोकं याच वेळी बोथट करा. मग Object > Path > Offset Path, ६ पॉइंट, जोड मायटर, मर्यादा ४. ऑफसेट नवीन आकार बनवतो आणि जुना मागे तसाच सोडतो, तो काढून टाका.

आता Ctrl+F ने पोकळ्या जागच्या जागी परत आणा, Ctrl+8 ने त्यांचा एक कंपाउंड पाथ करा, तो आणि मागचा मोठा आकार दोन्ही निवडा आणि पाथफाइंडरमधून Minus Front. पांढरा रंग द्या. बाहेर ६ पॉइंटची किनार आणि ब, व च्या पोटात मागचा फोटो, मूळ अक्षराइतकाच मोकळा.

पोकळीच्या आत किंचित पांढरी कड हवी असेल तर Minus Front च्या आधी पोकळ्यांना उणे १ चा ऑफसेट द्या. १४ ची पोकळी १२ राहते, ब चा भाग ३ राहतो. तुमच्या आकाराला हे चालेल. ब च्या लहान भागाकडे मात्र लक्ष ठेवा, तो २ च्या खाली असेल तर नाहीसा होईल. त्याला ऑफसेट देऊ नका.

शिरोरेखा

यात एक पर्याय राहिला. कधीकधी पोकळ्या सरळ पूर्ण पांढऱ्या ठेवणंच चांगलं. फोटो फार गजबजलेला असेल तर ब च्या पोटातून दिसणारा फोटोचा ठिपका डाग वाटतो. पूर्ण पांढऱ्या पोटात तिरकी तांबडी रेघ उलट जास्त स्पष्ट वाचता येते.

बोरूपेटी

हो, तेही चांगलं, आणि सोपं. पोकळ्या कापल्यावर परत आणायच्याच नाहीत. पण कोरीकागदच्या ब ची रेघ आत्ता दिसत नाही म्हणाल्या, ती का? रेघ तांबडी आहे, तिच्या भोवती पांढरं आलं तरी ती दिसायला हवी होती.

कोरीकागद

रेघ खूप बारीक आहे आणि मी पहिल्या प्रयोगातला मध्यावरचा स्ट्रोक काढायला विसरले होते बहुतेक, कारण Appearance मध्ये आता दोन स्ट्रोक दिसत आहेत. वरचा तिच्यावर चढला आहे.

बोरूपेटी

तेच. तो काढा.

तिसरीओळ

माझ्याकडे याच विषयात एक वेगळंच घडलं होतं. पोकळ्या बुजलेल्या दिसत होत्या आणि मी स्ट्रोकच्या मागे लागलो होतो. स्ट्रोक पूर्ण काढला तरी ब, व भरलेलेच! म्हणजे स्ट्रोकचा संबंधच नव्हता. तेव्हा Attributes पॅनलमध्ये जाऊन Even-Odd नियम निवडला आणि पोकळ्या उघडल्या. पण मग मात्रा जिथे शिरोरेखेवर चढते तिथे छोटी भोकं पडली.

बोरूपेटी

@तिसरीओळ, ही तपासणी सगळ्यांनीच आधी करावी: स्ट्रोक None करा, पोकळी तरीही बुजलेली असेल तर प्रश्न भरावाच्या नियमाचा आहे. साध्या नियमात आतला पाथ बाहेरच्याच्या उलट दिशेने फिरत असेल तरच भोक पडतं. दोन्ही एकाच दिशेने फिरत असतील तर भरून जातं. Even-Odd मध्ये दिशा बघत नाहीत, थर मोजतात, त्यामुळे दोन आकार जिथे एकमेकांवर आहेत तिथेही भोक पडतं. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार सगळे शिरोरेखेवर चढवलेले असतात, म्हणून तुमच्याकडे भोकं पडली. नियम साधाच ठेवा, पोकळीचा पाथ निवडून त्याची दिशा उलटवा आणि मग Unite करा.

तिसरीओळ

धन्यवाद, करून बघतो. वेबवाल्यांसाठी एक भर घालतो. वेबवर एवढं पाथचं काम करता येत नाही, टेक्स्ट टेक्स्टच राहायला हवं असतं. एसव्हीजीमध्ये स्ट्रोक मध्यावरच असतो, आत-बाहेरची सोय ब्राउझरमध्ये नाही. मी दुप्पट जाडीचा स्ट्रोक घेतो आणि तो भरावाच्या मागे ढकलतो:

```
<text x="20" y="120" font-size="120"
  fill="#7a1f1f" stroke="#fff" stroke-width="12"
  stroke-linejoin="round"
  paint-order="stroke">शब्दोत्सव</text>
```

`paint-order` मुळे आधी स्ट्रोक रंगतो आणि त्यावर भराव चढतो, म्हणून जोडाच्या रेघाही झाकल्या जातात. जोड गोल ठेवल्याने काटे नाहीत. पोकळ्या मात्र बुजतातच, त्याला इथे जाडी कमी करण्याशिवाय उपाय सापडलेला नाही.

बोरूपेटी

हाच प्रकार इलस्ट्रेटरमध्ये जिवंत टेक्स्टवरही होतो. Appearance मध्ये नवीन स्ट्रोक घालायचा, तो ओढून Characters च्या खाली न्यायचा आणि जाडी दुप्पट करायची. कोरलमध्ये Behind fill. इंकस्केपमध्ये Stroke style खाली Order ची बटणं असतात. मजकूर अजून बदलणार असेल तोपर्यंत असंच ठेवावं आणि पाथचं काम शेवटी करावं.

निळीशाई

कोरलमध्ये आज हे करून पाहिलं. पण एक गोष्ट कळेना. काटा मायटरचा नसूनही येतो का? माझ्याकडे व च्या गोल पोटाच्या बाहेर, जिथे कोपराच नाही तिथे, एक बारीक काटा येतोय. लिमिट ६० केलं तर काटा जातो पण तिथे खाच दिसते.

बोरूपेटी

कोपरा नाही असं दिसतं, पण असतो. वायरफ्रेममध्ये जाऊन त्या जागी जोरात झूम करा. दोन बिंदू जवळजवळ एकमेकांवर बसलेले सापडतील आणि त्यांच्यामधला तुकडा उलट दिशेला जात असेल. पाथ तिथे क्षणभर मागे वळतो आणि परत पुढे येतो. तो मागे वळतानाचा कोन अरुंद असतो, म्हणून काटा. वेल्ड किंवा Unite केल्यावर जिथे दोन वक्र एकमेकांना जेमतेम स्पर्श करून जातात तिथे असे तुकडे राहतात. ट्रेस केलेल्या अक्षरांत तर भरपूर. लिमिट बदलून तो झाकता येतो, जात नाही. त्यातला एक बिंदू हाताने काढा आणि शेजारच्याचे हँडल एका रेषेत आणा. Simplify सारख्या कमांडने सगळं अक्षरच थोडं हलतं, शिरोरेखेच्या सरळ कडांना बाक येतो. शीर्षकासाठी मी ती वापरत नाही.

निळीशाई

सापडले दोन बिंदू. एक काढला. काटा आणि खाच दोन्ही गेलं.

कोरीकागद

मी पूर्ण पद्धत करून पाहिली. बाहेर ६, व च्या आत १, ब चा लहान भाग सोडून दिला. वरच्या ओळीला आता काही टेकत नाही. एकच नवीन गोष्ट: ऑफसेट केल्यावर ‘ब्दो’ आणि ‘त्स’ च्या मध्ये, शिरोरेखेच्या खाली, दोन-तीन बारीक भोकं उरली आहेत. त्यातून फोटो दिसतो. छापल्यावर घाण वाटेल.

बोरूपेटी

अक्षरांमधल्या फटी वरून शिरोरेखेने बंद असतात आणि खालून उघड्या. खालचं तोंड १२ पॉइंटपेक्षा अरुंद असेल तर ऑफसेटने तोंड मिटतं आणि मध्ये जिथे फट जरा रुंद आहे तिथे भोक अडकून राहतं. ती भोकं काढून टाका, ते सुटे पाथ असतात, डायरेक्ट सिलेक्शनने निवडून डिलीट. पण ब, व च्या खऱ्या पोकळ्या त्यासोबत उडणार नाहीत याकडे बघा. उरलेल्या पाथांत सर्वात लहान कोणते ते पाहून ठरवा.

कटर_टेबल

ही भोकं कापताना फार त्रास देतात. दोन-अडीच मिमीपेक्षा लहान असली तर सोलताना तुकडा हमखास चाकूला चिकटतो. पोस्टर नंतर कुणी व्हिनाइलवर घ्यायला सांगितलं तर हीच फाइल चालेल, भोकं बुजवून ठेवा.

शिरोरेखा

मी एक विचारते. माझ्याकडे एक व्हेरिएबल फॉन्ट आहे. रेग्युलर वजनाला किनार व्यवस्थित येते. वजन वाढवत बोल्डच्या पुढे नेलं की क च्या गाठीजवळ काटा उगवतो आणि वजन पुन्हा कमी केलं की जातो. बिंदू तेच असणार, मग काटा मध्येच कुठून येतो?

बोरूपेटी

व्हेरिएबल फॉन्टमध्ये बिंदूंची संख्या तीच राहते, जागा सरकतात. दोन टोकांच्या वजनांना पाथ बरोबर असला तरी मधल्या एखाद्या वजनाला दोन बिंदू एकमेकांना ओलांडू शकतात किंवा हँडल उलटं फिरू शकतं. शिवाय व्हेरिएबल फॉन्टमध्ये एकमेकांवर चढलेले पाथ मुद्दाम तसेच ठेवलेले असतात, वजन बदलताना ते लागतात. त्यामुळे गाठीच्या आतला पाथ बाहेर डोकावतो आहे का, हेही बघावं लागेल. ज्या वजनाला काटा येतो त्याच वजनाला Create Outlines करा आणि Ctrl+Y मध्ये त्या गाठीचा स्क्रीनशॉट टाका. दोन पाथ दिसतात की एक, ते आधी बघू.

शिरोरेखा

दोन दिसतात. गाठीचा वळसा आणि उभा दांडा वेगळे आहेत. Unite केलं तर काटा जातो, पण त्याच्या जागी गाठीत एक बारीक पांढरा त्रिकोण उरतो. तो रेग्युलरला नाही.

तिसरीओळ

माझ्याकडेही एका व्हेरिएबल फॉन्टमध्ये असा त्रिकोण येतो, पण क ला नाही, फ ला. वजन कितीच्या पुढे येतो तुमच्याकडे? माझ्याकडे ७०० ला नसतो, ८०० ला असतो.

शिरोरेखा

मी स्लायडर हळूहळू सरकवून बघते आणि कुठे सुरू होतो ते लिहिते.